सावलीचा रंग

कसबा पेठेतल्या वाड्याची चुन्याची भिंत चित्रात रंगवत होते. सावलीसाठी काळ्यात पांढरा मिसळला. सर काही बोलले नाहीत. वहीतला कोरा कागद घेऊन त्यांनी सुरळी केली.

"एक डोळा मीट. हिच्यातून नुसती सावली बघ."

बघितलं. निळी! चक्क निळी, जरा जांभळ्याकडे झुकलेली.

"तिथं ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं ना! आता खाली बघ, वृंदावनापाशी."

गेरूने सारवलेल्या कट्ट्यावर ऊन पडलं होतं. त्याचा उजेड भिंतीवरच्या सावलीत शिरला होता आणि ती तिथं तांबूस झाली होती. रोज याच भिंतीवरून जायचे मी!

पॅलेटवरचा राखाडी पुसून टाकला. अल्ट्रामरीनची ट्यूब पिळेपर्यंत सावली दिंडीदरवाज्याकडे सरकली होती.