विषय: कोथरूडच्या ग्राहकांची फ्रिजची तक्रार, २० मे संध्याकाळी ५ पर्यंत उत्तर द्यायचं आहे

सर,

कोथरूडच्या ग्राहकांचा आज सकाळी ९.४० ला मेल आला. भाषा खूप रागाची आहे, ती इथे उतरवत नाही. मूळ मेल तक्रारीला जोडला आहे. म्हणणं असं आहे:

त्यांनी १२ एप्रिलला २७,४९० रुपयांना डबल डोअर फ्रिज घेतला. ३ मेपासून खालच्या भागात गारवा धरत नाही. ६ मेला टेक्निशियनने थर्मोस्टॅट बदलला, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. ११ मेला १० ते १ ही वेळ दिली होती. त्यासाठी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली, पण कोणी आलं नाही आणि फोनही आला नाही. १३ मेला गॅस भरला आणि १५ मेपासून फ्रिज पुन्हा गार होत नाही.

मेलमध्ये ‘चोर’ हा शब्द दोनदा आला आहे. तो १३ मेच्या भेटीबद्दल आहे. फ्रिज वॉरंटीत असताना गॅसचे ८५० रुपये रोख घेतले आणि पावती दिली नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. शब्द बाजूला ठेवला तरी हा मुद्दा सुटता कामा नये, म्हणून वेगळा लिहिते आहे.

त्यांच्या आईचं इन्सुलिन याच फ्रिजमध्ये होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. ते टाकून द्यावं लागलं, १,४८० रुपयांचं बिल जोडलं आहे. सध्या इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतात.

मागणी: त्याच मॉडेलचा नवीन फ्रिज किंवा पूर्ण पैसे परत, शिवाय ८५० आणि १,४८० रुपये, आणि ११ मेला कोणी का आलं नाही याचं लेखी उत्तर. आणखी दुरुस्ती नको, असं स्पष्ट लिहिलं आहे. मुदतीत उत्तर न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहेत.

मी आपल्या नोंदी पाहिल्या. खरेदी आणि ६ व १३ मेच्या भेटी जुळतात. ११ मेला १२.१५ वाजता ‘ग्राहक घरी नाही’ अशी नोंद आहे, पण त्या दिवशी त्यांच्या नंबरवर आपला एकही कॉल गेलेला दिसत नाही. १३ मेच्या जॉबशीटवर ८५० रुपयांची नोंद नाही. टेक्निशियनशी अजून बोलणं झालेलं नाही, त्यामुळे या दोन्ही बाबतींत मी निष्कर्ष काढलेला नाही.

मेल मिळाल्याची पोच १०.१५ ला दिली आहे, कसलंही आश्वासन दिलेलं नाही. बदली की परतावा, हे तुम्ही ठरवा. पण घरात इन्सुलिनवरची व्यक्ती आहे, तेव्हा निर्णय होईपर्यंत डेमोचा छोटा फ्रिज आजच पाठवावा असं मला मनापासून वाटतं. तो गोडाऊनमध्ये मोकळा आहे. तुम्ही हो म्हणालात तर दुपारच्या गाडीत चढवते.

सर्व्हिस डेस्क