नावातील फरकाबाबतचे प्रतिज्ञापत्र : टंकलिखित प्रत

[« » या खुणांतला मजकूर मूळ कागदावर हाताने भरलेला, बाकीचा छापील. चौकटी कंसातले शब्द टंकलेखकाचे. ओळी मुळाप्रमाणे तोडलेल्या नाहीत. शुद्धलेखन मात्र मुळाचेच, म्हणून छापील "नांव" वरचा अनुस्वार तसाच आहे.]

पान १

[शंभर रुपयांचा गैर न्यायिक मुद्रांक, महाराष्ट्र. छापील क्रमांक बीझेड ६१८२०४. त्याखाली विक्रेत्याचा रबरी शिक्का, जरा तिरका:]

जोडपत्र-१
फक्त प्रतिज्ञापत्रासाठी
१) मुद्रांक विक्री नोंदवही अनु. क्रमांक «४१८७» दिनांक «४/६/२०१९»
२) मुद्रांक विकत घेणाऱ्याचे नांव, रहिवासी पत्ता व सही «सौ. सुनंदा द. जगताप, रा. सुपे» [सही आहे]
३) परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याची सही [आहे, वाचता येत नाही]
शासकीय कार्यालयासमोर / न्यायालयासमोर प्रतिज्ञापत्र सादर करणेसाठी मुद्रांक कागदाची आवश्यकता नाही (शासन आदेश दि. ०१/०७/२००४ नुसार).
ज्या कारणासाठी ज्यांनी मुद्रांक खरेदी केला त्यांनी त्याच कारणासाठी मुद्रांक खरेदी केल्यापासून ६ महिन्यांत वापरणे बंधनकारक आहे.

["६" अर्धाच उमटला आहे. ही ओळ सगळ्या विक्रेत्यांच्या शिक्क्यांत सारखीच असते, त्यामुळे आकडा भरून घेतला. हाताने लिहिलेल्या आकड्याबाबत अशी सवलत घेतलेली नाही.]

प्रतिज्ञापत्र

मी खाली सही करणार श्री./सौ./श्रीमती [खोडले: श्री., श्रीमती] «सुनंदा दत्तात्रय जगताप», वय «५२» वर्षे, धंदा «घरकाम व शेती», रा. «मु. पो. सुपे, ता. बारामती, जि. पुणे», सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते [खोडले: देतो] की,

१) माझे माहेरचे/पूर्वीचे [खोडले: पूर्वीचे] नांव «सुनंदा बाबुराव काळे» असे असून माझा विवाह दिनांक «१२/५/१९८६» रोजी «दत्तात्रय रामचंद्र जगताप» यांच्याशी झाला आहे. [जागा अपुरी पडल्याने "जगताप" पुढच्या छापील ओळीच्या वर, बारीक अक्षरात.]

२) माझ्या आधार कार्डावर माझे नांव «सुनंदा दत्तात्रय जगताप» असे आहे व «मुदत ठेवीच्या पावतीवर» «नंदा दत्तात्रेय जगताप» असे नमूद आहे. [पहिल्या जागी "त्रय", दुसऱ्या जागी "त्रेय", दोन्ही मात्रांसह स्पष्ट. एकसारखे केलेले नाही. प्रतिज्ञापत्र याच फरकासाठी आहे.]

३) वरील दोन्ही/तिन्ही/सर्व [खोडले: दोन्ही, सर्व] नांवे एकाच व्यक्तीची म्हणजे माझीच आहेत.

४) सदर प्रतिज्ञापत्र मी «बँकेत ठेवीची रक्कम मिळणेकामी», खाते/पावती [खोडले: खाते] क्रमांक «२३०६», सादर करण्यासाठी करून देत आहे. [शेवटचा अंक आधी "१" होता, त्यावर "६" गिरवला. समासात «सु. जगताप» अशी लघुसही आहे, म्हणून दुरुस्ती धरली.]

पान २

[लेजर पेपर. वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवलेला. सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर.]

५) याव्यतिरिक्त मला असे नमूद करावयाचे आहे की, «———————» [तीन ओळींची जागा तिरक्या रेघेने बंद केली आहे, मागाहून काही घुसडता येऊ नये म्हणून. रेघ टंकात उतरवलीच पाहिजे, नाहीतर प्रतीत ती जागा रिकामी सोडल्यासारखी वाटते.]

वर लिहिलेला सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे. तो खोटा आढळल्यास भारतीय दंड संहिता, १८६० चे कलम १९३(२), १९९ व २०० अन्वये मी शिक्षेस पात्र राहीन याची मला जाणीव आहे.

हे प्रतिज्ञापत्र आज दिनांक «११» माहे «जून» सन २०१«९» रोजी मुक्काम «बारामती» येथे, वाचून/वाचून घेऊन [खोडले: वाचून घेऊन] सही केले. ["२०१" छापील, "९" हाताचा. मधल्या खोडण्याला लघुसही नाही. इतर पर्यायांनाही नाही, छापील पर्याय खोडताना ती सहसा घेत नाहीत.]

प्रतिज्ञाकर्ता/कर्ती [खोडले: कर्ता]
«सुनंदा दत्तात्रय जगताप»

ओळख : वरील प्रतिज्ञाकर्त्यास मी व्यक्तिशः ओळखतो.
नांव «दत्तात्रय रामचंद्र जगताप», नाते «पती» [सही आहे, सहीतही "त्रय"]

माझ्यासमोर प्रतिज्ञेवर सही केली.
नोंदवही क्रमांक «१२६४/२०१९» दिनांक «१२/६/२०१९»
[नोटरीची सही वाचता येत नाही. गोल लाल शिक्का. त्याची कड "१२६४" च्या "४" वरून गेली आहे, तरी अंक वाचता येतो. वर तारीख ११ आणि इथे १२. दोन्ही अंक निःसंशय असल्याने तसेच ठेवले. बँक यावर बोट ठेवण्याची शक्यता आहे, आणि खुलासा नोटरीच्या नोंदवहीतूनच मिळेल.]

मूळ कागदाशी शब्दशः ताडून टंकलिखित केले. फरक आढळल्यास मूळ ग्राह्य.