पहिल्या चित्रप्रदर्शनाबद्दल पद्माला पत्र

सोलापूर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय पद्मा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पहिल्या चित्रप्रदर्शनाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. शुक्रवारी उद्घाटनाच्या गर्दीत तुझा हात हातात घेऊन मी 'फार छान' एवढेच म्हणाले आणि मागच्या गृहस्थांनी पुष्पगुच्छ पुढे केल्यामुळे बाजूला झाले. घरी पोहोचेपर्यंत त्या दोन शब्दांची मला लाज वाटत राहिली. म्हणून रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला सभागृह रिकामे असेल या हिशेबाने, मी पुन्हा आले आणि तेवीसच्या तेवीस चित्रे सावकाश पाहिली. तू घरी जेवायला गेली होतीस. टेबलापाशी बसलेल्या तुझ्या भाच्याने अभिप्रायाची वही दोनदा माझ्यापुढे सरकवली आणि मी ती दोनदा परत केली, कारण मला जे सांगायचे होते ते त्या वहीच्या चार ओळींत मावणारे नव्हते.

सर्वांत जास्त वेळ मी 'वीज गेली तेव्हा' या चित्रापुढे उभी होते. यंत्रमागाचे कारखाने रंगवणारे लोक मागाचा वेग रंगवू पाहतात. धोटा पळताना दाखवायचा म्हणून रेघा ओढतात. तू नेमका माग थांबल्याचा क्षण घेतलास. धोटा अर्ध्या वाटेवर अडकला आहे, उभ्या ताण्यावर दाराकडून आलेला उजेड पडला आहे आणि कामगार उंबऱ्यावर येऊन बसले आहेत. त्यांतल्या डावीकडच्या माणसाच्या कानात कापसाचा बोळा तसाच राहिला आहे. खडखडाट थांबला, तरी बोळा काढायचे त्याच्या लक्षात आलेले नाही. पद्मा, पूर्व भागात लहानाची मोठी झालेली, रात्रपाळीच्या मागांच्या आवाजात झोपलेली आणि तो आवाज बंद पडला की दचकून जागी होणारी व्यक्तीच तो बोळा रंगवू शकते. मी मराठीच्या तासाला मुलांना वर्षानुवर्षे 'न बोलता सांगणे' समजावत आले. त्याचे इतके चांगले उदाहरण मला तेव्हा मिळाले असते, तर फळ्यावरचे माझे बरेच खडू वाचले असते.

त्याच चित्रातली कापसाची पिंज मला नीट समजून घ्यायची होती, म्हणून मी कागदाला नाक लावून पाहिले. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, छताच्या वाशावर, कोळ्याच्या जाळ्यावर साचलेली ती पिंज पांढऱ्या रंगाने काढलेलीच नाही. तिथे तू कागद कोरा सोडला आहेस आणि भोवतीचा काळपट करडा रंग तिच्या कडेपर्यंत आणून थांबवला आहेस. जलरंगात पांढरे राखायचे ते असेच, हे आपल्याला इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या वेळी चित्रकलेच्या बाईंनी सांगितले होते, हे मला आठवते. आणि मी त्या परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत पोस्टर कलरची पांढरी बाटली उघडून सगळा चिखल केला होता, हेही आठवते. काय सोडायचे हे ब्रश टेकवण्याआधी ठरलेले असावे लागते, कारण नंतर ते परत आणता येत नाही. एवढ्या मोठ्या कागदावर, इतक्या बारीक जागा, ओल्या रंगाच्या घाईत तू कशा राखल्यास, हे मला अजूनही कळलेले नाही. भेटलीस की सांग.

'पेटीतली चादर' या चित्राबद्दल लोक फारसे बोलले नाहीत, याचे मला वाईट वाटले. पत्र्याच्या पेटीत घडी घातलेली जुनी चादर आणि घडीतून अर्धाच दिसणारा मोर, एवढाच विषय असल्यामुळे बहुतेक जण दोन पावले थांबून पुढे गेले. पण त्या मोराची मान जवळून पाहिली, तर ती गोल नाही, पायऱ्यापायऱ्यांची आहे. जेकार्डच्या चादरीवर वळण कधी खरे वळण नसतेच. ग्राफच्या चौकोनांतून ते उतरते, ग्राफच्या एकेका ओळीसाठी एकेक पुठ्ठा लागतो, पुठ्ठ्याला भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो आणि नसेल तिथे तो खालीच राहतो. हे मला तूच सांगितले होतेस, तुझ्या खोलीत लाल रंगाने चौकोन भरत असताना, आणि एक चौकोन चुकला तर चोच बिघडते म्हणून माझ्याशी बोलायचे थांबवलेही होतेस. एकतीस वर्षे तू हे काम केलेस. मला वाटले होते की हातात मोकळा ब्रश आल्यावर तू त्या चौकोनांपासून आधी सुटका करून घेशील. तू तसे केले नाहीस. चादरीचे कापड, घडीच्या सावल्या, पेटीचा गंजलेला कोपरा हे सगळे वाहत्या रंगात आणि मोर मात्र त्याच्या चौकोनांशी प्रामाणिक, अशी ती रचना आहे. संपूर्ण प्रदर्शनात तुझे म्हणून जे काही आहे, ते मला या एका मानेत सर्वांत स्पष्ट दिसले.

अम्मांच्या हातांचे चित्र पाहताना मला थोडी भीती होती. विड्या वळणाऱ्या बायकांची चित्रे, फोटो, लेख आपल्या शहरात कमी झालेले नाहीत, आणि त्यांत बहुतेक वेळा सुरकुत्या मोजून करुणा गोळा केलेली असते. तुझ्या चित्रात चेहरा नाही. मांडीवरचे सूप, कापून ठेवलेली तेंदूची पाने, कात्री, दोऱ्याचे रीळ आणि वळण्याच्या मध्यावर असलेली बोटे एवढेच आहे. त्या बोटांना दया नको आहे, त्यांना काम संपवायचे आहे, असे ती पाहताना वाटते. शुक्रवारी अम्मा स्वतः काठी टेकत त्या चित्रापुढे आल्या, बराच वेळ पाहिले आणि 'मी एवढी तंबाखू सांडत नाही' असे म्हणाल्या, तेव्हा मी मागेच उभी होते. कोणत्याही समीक्षकाने याहून नेमके काही म्हटले नसते, कारण बाकी सारे त्यांना खरे वाटले म्हणूनच सांडलेली तंबाखू त्यांच्या डोळ्यांत आली.

गड्ड्याच्या यात्रेवरचे चित्र असणार हे मला ठाऊक होते. सोलापुरात चित्रे काढायची आणि सिद्धरामेश्वरांची यात्रा टाळायची, हे कोणाला जमणार? सात नंदीध्वज, अक्षता सोहळ्याची गर्दी, होम मैदानावरचे दारूकाम यांपैकी काहीतरी असेल, असे मी धरून चालले होते. तू काढलीस ती यात्रा संपल्यानंतर गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलेली बाराबंदी. तिचे बंद वाऱ्याने एका दिशेला उडाले आहेत आणि खांद्यावर, जिथे नंदीध्वजाच्या काठीचा भार येतो तिथे, धुवूनही न गेलेला एक पिवळसर डाग आहे. मी बंद मोजले. दहा भरले, उरलेले दोन मागच्या बाजूला असतील, असे मी तुझ्या वतीने समजून घेतले. यात्रेचा एवढा मोठा आवाका तू एका धुतलेल्या कपड्यावर आणून ठेवलास, आणि त्यात काही कमी पडले असे वाटले नाही.

आता एक तक्रारही लिहिते, नाहीतर वरच्या स्तुतीवर तू विश्वास ठेवणार नाहीस. सिद्धेश्वर तलावातले संध्याकाळचे मंदिर मला आवडले नाही. त्यातले नारिंगी आभाळ तू पाहिलेले वाटत नाही, कॅलेंडरवरून आलेले वाटते. ते घेतले नसते तर पाहुणे विचारतील, अशा समजुतीने तू ते काढले असावेस. विकले गेल्याचा पहिला लाल ठिपका त्यालाच लागला, म्हणजे तुझा व्यवहार चुकला नाही. तरीही त्या भिंतीवर तेच एक चित्र दुसऱ्या कोणाचेही असू शकले असते, एवढे मला म्हणू दे.

उद्घाटनाच्या भाषणात पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांचा उल्लेख झाला आणि त्यांचा वारसा आता तुझ्याकडे आला, असेही म्हटले गेले. हेतू चांगला होता. पण त्या वेळी तू जमिनीकडे पाहत होतीस, आणि मला तुझा संकोच योग्य वाटला. हुसेनांच्या घोड्यांचा आणि तुझ्या पेटीतल्या चादरीचा काही संबंध नाही; एका जिल्ह्यात जन्मणे हा वारसा होत नाही. तुझे चित्र ज्या ठिकाणाहून आले ते ठिकाण ग्राफपेपर आहे, अम्मांचे सूप आहे, आणि ते पुरेसे प्रतिष्ठित आहे.

मला सर्वांत खोल लागलेली गोष्ट मात्र कोणत्याही चित्राच्या मध्यभागी नव्हती, ती उजव्या कोपऱ्यात होती. तुझ्या ग्राफवरून विणलेल्या चादरी किती घरांत गेल्या असतील याचा हिशेब तुलाही करता येणार नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यावर कारखान्याचा छाप असतो, सोलापूरचे नाव असते. नक्षी कोणी बसवली हे मात्र चादरीच्या कोणत्याही काठावर लिहिलेले नसते. माझ्या लग्नातल्या चादरीवरची वेल तुझी आहे, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी, तेही तू चादर वाळत घालताना पाहिलीस म्हणून कळले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, इतक्या फिकट की चष्मा पुसून पाहावे लागते, 'पद्मा' असे लिहिलेले मी तेवीस वेळा वाचले. पुढच्या वेळी रंगाने लिही.

आता कामाचे. 'पेटीतली चादर' अजून कोणी घेतलेली नाही, असे तुझ्या भाच्याकडून कळले. ते चित्र मला हवे आहे. यादीत त्याची किंमत साडेतीन हजार रुपये लिहिली आहे आणि मी तेवढेच देणार आहे. मैत्रिणीकडून पैसे कसे घ्यायचे, हा विषय तू काढायचा नाहीस. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी घरी येते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी आणीन, अम्मांसाठी भाकरी दुधात भिजवावी लागेल, तेवढे दूध घरात ठेव. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, शाई लागते. माझ्याकडची ती वेलीची चादर मी बरोबर घेऊन येते, तिच्यातच ते घरी नेऊ.

तुझी,
शैलजा