कॉलरचा फर्मा

नोटीस आली तेव्हा अप्पा सफारीच्या बाहीला तुरपाई घालत होते. मुलगी अश्विनीने वाचून दाखवली. २०२३-२४ मध्ये दुकानाच्या क्यूआर कोडवर २६ लाख ४० हजार जमा झालेत, मग जीएसटी नोंदणी का नाही? पंधरा दिवसांत खुलासा करा.

"एवढे पैसे मी बघितलेच नाहीत गं," अप्पा म्हणाले. सुई तशीच बोटात राहिली.

संध्याकाळी दोघं कऱ्हाडच्या मंडईमागे टॅक्सचं काम बघणाऱ्या सरांकडे गेले. सरांनी बँकेचा उतारा चाळला. "शिलाई म्हणजे सेवा. तिला मर्यादा २० लाखांची. ४० लाखांची सवलत नुसता माल विकणाऱ्याला. यातलं शिलाईचं किती, ते दाखवा."

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास ४-४ हजारांच्या वीस नोंदी होत्या. ती आईची भिशी! आईने लाल वही आणून दिली. वीस नावं, पुढे तारखा, कुणी कधी उचलली तेही. उचललेले ८० हजार दर महिन्याला त्याच खात्यातून गेलेले. वर्षाचे ९ लाख ६० हजार दहा मिनिटांत बाजूला निघाले. राहिले १६ लाख ८०.

"आणि रोखीचं?" सरांनी विचारलं. "उलाढालीत तेही धरतात."

अप्पांकडे उत्तर नव्हतं. गल्लीतल्या कुणाचीही छाती-कंबर त्यांना तोंडपाठ. पण दिवाळीत कुणी किती रोख दिले? मापाच्या वहीत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिलाई, आगाऊ, बाकी लिहायची त्यांची सवय होती खरी. रोख असली की पुढे 'रो'. पण चार वह्यांपैकी एक सापडेना.

अश्विनीची नजर खिळ्याकडे गेली. तिथे कॉलर-कफचे फर्मे टांगलेले. एक काढून तिने उलटा केला. 'शर्ट २, ७००, रो.' अप्पांनी वही संपली म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून तिचे फर्मे कापले होते.

रात्री दोनपर्यंत बापलेक फर्मे जुळवत बसले. काही आकडे कात्रीखाली गेले होते, कॉलरच्या टोकाला अर्धा सात, अर्धा नऊ. जिथे शंका आली तिथे अप्पांनी मोठा आकडा धरायला लावला. रोखीचे २ लाख १० हजार निघाले. एकूण १८ लाख ९०.

सरांनी वह्यांच्या झेरॉक्ससह खुलासा पाठवला. "मर्यादेच्या अगदी काठावर आहात, अप्पा. यंदा दर महिन्याला बेरीज घेऊन या. वीसच्या वर गेलं की तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो."

खुलाशाचं उत्तर अजून यायचंय. आईने भिशीसाठी वेगळं खातं उघडलं. काल एक गिऱ्हाईक पाचशेची नोट टेबलावर ठेवून निघालं होतं. अप्पांनी त्याला दारातून परत बोलावलं, कार्बन सरळ केला, पावती फाडून दिली. मग बनियनच्या रिकाम्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर खडूने नवी कॉलर आखायला लागले.