सायंकाळच्या वर्गासाठी शवासन : पंधरा मिनिटांचे विश्रांती-निवेदन

(दिवे मंद करावेत. निवेदन खालच्या पट्टीत, संथ लयीत करावे आणि प्रत्येक विरामात स्वतःचे श्वास मोजावेत, म्हणजे घाई होत नाही.)

आजची आसने पूर्ण झाली आहेत. आता सावकाश पाठीवर आडवे व्हा. स्थिर पडून राहिल्यावर अंग हळूहळू निवते, म्हणून चादर पांघरून घ्या. कंबर अवघडत असेल तर गुडघ्यांखाली दुमडलेले कांबळे ठेवा. ज्या गर्भवती आहेत, त्यांनी पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर विसावावे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

दोन्ही पायांत थोडे अंतर असू द्या आणि चवडे बाहेरच्या बाजूला सहज कलू द्या. हात शरीरापासून जरा दूर, तळवे वरच्या दिशेला आणि बोटे आपोआप जितकी मिटतील तितकीच मिटलेली. पापण्या हलकेच मिटा. अजून काही नीट करायचे राहिले असेल, केस, कपडे, मान, तर ते आत्ताच करून घ्या.

(पाच श्वासांचा विराम)

आता काहीही करायचे नाही. शरीराचा सारा भार जमिनीवर सोपवा. टाचा, पोटऱ्या, मांड्या, नितंब, पाठ, खांदे आणि डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे शरीर जमिनीला टेकले आहे, तिथे तिथे मन क्षणभर थांबू द्या आणि तेवढा भाग अलगद सैल होऊ द्या.

(पाच श्वासांचा विराम)

पाय सैल आहेत. पोट सैल आहे, ते श्वासाबरोबर वर येते आणि खाली जाते. हात सैल आहेत, खांद्यांपासून बोटांच्या टोकांपर्यंत.

आता मन चेहऱ्याकडे वळवा. इथे सावकाश जाऊ या, कारण दिवसभराचा ताण चेहऱ्यावर साचलेला असतो आणि तो आपल्याला सहसा जाणवतही नाही. जबडा सैल सोडा. दातांवर दात टेकलेले नसावेत, ओठ मात्र हलकेच मिटलेले असू द्या. जीभ टाळूपासून सुटू द्या, तिला तोंडात खाली निवांत पडून राहू द्या. गाल मऊ. डोळ्यांभोवतीची त्वचा मऊ. दोन भुवयांच्या मधली जागा, जिथे आठी उमटते, ती पसरू द्या, निवळू द्या. कपाळ विशाल आणि शांत झाले आहे.

(दहा श्वासांचा विराम)

आता श्वास नुसता पाहा. नाकातून आत येणारा श्वास किंचित थंड लागतो आणि बाहेर जाणारा किंचित उबदार. तो लांबवू नका, अडवू नका. फक्त उच्छ्वास सोडताना थोडी अधिक सवड द्या. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके आपोआप संथ होतात आणि मनही हळूहळू त्या लयीमागून जाते.

मनात विचार येतील. येऊ द्या. त्यांना हुसकावून लावण्यात शांती नाही. विचार आला हे जेव्हा लक्षात येईल, तेव्हा स्वतःवर न रागावता पुन्हा पुढच्या उच्छ्वासाकडे या.

(दहा श्वासांचा विराम)

आता माझ्याबरोबर तीन वेळा, अगदी मंद स्वरात, मिटल्या ओठांनी ‘म्’ असा गुंजारव करा. तो कंपनासारखा ओठांवर, नाकाच्या मुळाशी आणि कपाळात जाणवेल. ज्यांना आवाज काढावासा वाटत नाही, त्यांनी नुसते ऐकावे, तेही पुरेसे आहे.

म्‌ऽऽऽ… म्‌ऽऽऽ… म्‌ऽऽऽ…

नाद मावळल्यानंतरचे मौन ऐका. त्यात विसावा.

(तीन मिनिटे संपूर्ण मौन. कोणी घोरत असल्यास त्यांच्या जवळ जाऊन हलक्या आवाजात श्वासाची आठवण करून द्यावी, स्पर्श करू नये.)

हळूहळू श्वास थोडा खोल होऊ द्या. आजूबाजूचे आवाज पुन्हा कानी येऊ द्या. हातापायांची बोटे सावकाश हलवा. मनगटे आणि घोटे गोल फिरवा. वाटल्यास हात डोक्यावर नेऊन अंग लांबलचक ताणा, मोकळी जांभई द्या.

गुडघे दुमडून डाव्या कुशीवर वळा आणि तिथे काही श्वास थांबा. आडव्या अवस्थेतून एकदम उठल्यास रक्तदाब क्षणभर उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून उजव्या हाताचा तळवा जमिनीवर टेकवून, त्याच्या आधाराने, मान सर्वांत शेवटी उचलत उठून बसा. डोळे अजून मिटलेलेच असू द्या.

तळहात एकमेकांवर घासा आणि त्यांची ऊब मिटलेल्या डोळ्यांवर अलगद धरा. ओंजळीतच डोळे उघडा, मग हात सावकाश खाली घ्या. बैठकीत आणखी मिनिटभर राहायचे असेल तर अवश्य राहा. ज्यांना उठायचे आहे, त्यांनी आवाज न करता सतरंजी गुंडाळावी.