नाइट ड्युटी सांभाळून एनक्लेक्सचा अभ्यास: संगीताचा सोळा आठवड्यांचा आराखडा

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करण्यासाठीची परवाना परीक्षा. सुरुवात ६ जुलै, सोमवार. परीक्षा मुंबईच्या सेंटरवर २२ ऑक्टोबर, गुरुवार. सोमवार ते गुरुवार रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी, शुक्रवारी नाइट ऑफ, शनिवार-रविवार मोकळे. घर डिचोलीत, हॉस्पिटल पर्वरीला. हे सगळं धरूनच हा आराखडा केला आहे. रोस्टर बदललं तर वार सरकव, पण क्रम मोडू नकोस.

मुख्य नियम एकच. नाइटवरून आल्यावर अभ्यास करायचा नाही, झोपून उठल्यावर करायचा. सकाळी घरी येऊन डोळे ताणून वाचलेलं दुपारपर्यंत टिकत नाही, आणि झोपही जाते.

आठवड्याची घडी

ड्युटीच्या दिवसांत साडेनऊपर्यंत घरी पोचशील. थोडं खाऊन १० ते ४ झोप. खिडकीला जाड पडदा लाव आणि फोन बाहेरच्या खोलीत सासूबाईंकडे दे. पहाटे ३ नंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो. संध्याकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की उठायचं. साडेचार ते सहा अभ्यास: २० प्रश्न आणि त्यांची स्पष्टीकरणं. बरोबर आलेल्या प्रश्नाचंही स्पष्टीकरण वाच. उरलेले तीन पर्याय का चुकीचे, हे सांगता आलं तरच तो प्रश्न तुला आला. पावणेसातला बस.

सोमवारी पहिली नाइट असते, म्हणून प्रश्न सकाळीच उरक आणि दुपारी दीड तास झोप. बुधवारी अंग सगळ्यात जड असतं. त्या दिवशी प्रश्न नाहीत, फक्त औषधांची वही चाळायची.

शुक्रवारी सकाळी तीनच तास झोप आणि रात्री दहाला अंथरुणात, म्हणजे शनिवार हाताशी लागतो. शनिवार हा खरा अभ्यासाचा दिवस: सकाळी ४०, दुपारनंतर ३५ प्रश्न, घड्याळ लावून. रविवारी सकाळी आठवडाभर चुकलेले प्रश्न पुन्हा. दुपारनंतर पुस्तक बंद. म्हापशाला जा, मुलाला घेऊन बस, काहीही कर.

वॉर्डातला अभ्यास

ड्युटीवर पुस्तक उघडू नकोस. पेशंट तुझ्या भरवशावर झोपलेला असतो, आणि पहाटे ३ ते ५ तर नुसतं सावध राहण्यातच सगळी ताकद जाते. पण हँडओव्हर घेताना एक पेशंट मनाशी ठरव आणि रात्रभर त्याच्यावर सहा प्रश्न विचार. काय वेगळं दिसतंय? त्याचा अर्थ काय? सगळ्यात धोक्याचं काय असू शकतं? काय काय करता येईल? आधी काय करू? केल्यावर फरक पडला का? २०२३ पासून परीक्षेत केस स्टडी येतात त्या याच सहा पायऱ्यांवर बेतलेल्या असतात. मोजल्या जाणाऱ्या अशा तीन केस, प्रत्येकी सहा प्रश्न. क्लासला पैसे भरणाऱ्या मुलींना हे कागदावर शिकावं लागतं, तुझ्यासमोर रोज वीस खाटा आहेत.

कोणत्या आठवड्यात काय

१ आणि २: फक्त घडी बसवणं. पहिल्या शनिवारी ७५ मिश्र प्रश्न सोडव आणि कच्चे विषय लिहून काढ. गुण कमी आले तर घाबरू नकोस, ही नुसती मोजणी आहे.

३ ते ५: औषधं. पेपरमधला १३ ते १९ टक्के भाग. अडचण अशी की आपण वॉर्डात ब्रँडची नावं बोलतो आणि परीक्षेत जेनेरिक येतात, तीही अमेरिकन. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. वहीत एका बाजूला आपलं नाव, समोर त्यांचं, खाली एकच धोका आणि त्यावरचा उतारा: हेपरिनला प्रोटामिन, वॉर्फरिनला व्हिटॅमिन के, मॅग्नेशियम सल्फेटला कॅल्शियम ग्लुकोनेट. वजन पौंडात आलं तर २.२ ने भागून किलो.

६ ते ८: मॅनेजमेंट ऑफ केअर. सगळ्यात मोठा भाग हाच, १५ ते २१ टक्के, आणि आपल्याकडच्या नर्स इथेच अडकतात. आपल्या वॉर्डात अंग पुसणं, भरवणं, बाथरूमला नेणं नातेवाईक किंवा मावशी करतात, आणि कोणाला काय सांगायचं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. तिथे ते काटेकोर आहे. असिस्टंटला स्थिर पेशंटचे व्हायटल्स, आंघोळ, चालवणं देता येतं. असेसमेंट, शिकवणं आणि परिणाम तपासणं रजिस्टर्ड नर्सचंच. "डॉक्टरांना फोन करते" हा पर्याय आपल्याला पटकन बरोबर वाटतो. आधी बघ, नर्स म्हणून त्या क्षणी काही करता येण्यासारखं आहे का.

नमुना: चौघांतून आधी कोणाकडे जाशील? सीओपीडीचा पेशंट, सॅच्युरेशन ९० टक्के. थायरॉइड काढून काल आलेली बाई, ओठांभोवती मुंग्या. उद्या डिस्चार्ज असलेला मधुमेही, साखर १६०. हर्नियाच्या ऑपरेशननंतर टाके दुखतात म्हणणारा. उत्तर: थायरॉइडची बाई. कॅल्शियम उतरलं असण्याची शक्यता, पुढे स्वरयंत्र आवळू शकतं. सीओपीडीवाल्याचे ९० त्याच्यासाठी अपेक्षितच. असे प्रश्न या तीन आठवड्यांत बुधवार सोडून रोज पाच तरी.

९ आणि १०: हृदय, किडनी, श्वसन, इलेक्ट्रोलाइट्स. मेडिकल वॉर्डात असल्यामुळे यातलं बरंचसं तुझं झालंय, भराभर पुढे जा. पोटॅशियम ३.५ ते ५ सारखे आकडे मात्र तोंडपाठ हवेत.

११: चतुर्थी. अभ्यास नाही. माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या आणि वही कपाटात. "थोडंसं बघते" म्हणत वही उघडलीस की धड सणही होत नाही आणि धड अभ्यासही.

१२ आणि १३: बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आजार. ज्यात हात गेला नाही त्यात मन रमत नाही, म्हणून त्या शनिवारी हेच आधी. संसर्ग नियंत्रणाचे प्रकारही इथेच संपव: क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून.

१४ आणि १५: दोन्ही शनिवारी सकाळी पूर्ण सराव परीक्षा. वेळ पाच तास, प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, तसाच सराव कर. ८५ ला मशीन बंद पडलं तर पास, १५० पर्यंत गेलं तर नापास, असलं काही नसतं.

शेवटचा आठवडा

१७ ऑक्टोबरपासून २५ पर्यंत रजा, अर्ज जुलैतच टाक. परीक्षा सकाळची आहे आणि तुझं शरीर सकाळी झोपायला शिकलेलं आहे, ते उलटायला चार-पाच दिवस लागतात. रोज रात्री दहाला झोप, सहाला उठून उन्हात चालणं, नऊ वाजता २५ प्रश्न. बुधवारी प्रश्नही नाहीत.

पासपोर्ट आजच काढून बघ. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. लग्नानंतरचं आडनाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे असेल तर ते निस्तरायला महिना जातो.

थिवीहून मंगळवारी रात्रीची गाडी, म्हणजे बुधवारचा दिवस हाताशी राहतो आणि गाडीला उशीर झाला तरी चालतो. सेंटर बुधवारीच बघून ये. पेपरात दोन तासांनी पहिली सुट्टी मिळते, ती घेच. डबा आणि पाणी लॉकरमध्ये ठेव. परत आल्यावर शुक्रवारी कोणी "आजची एक नाइट मार" म्हणालं तर नाही म्हण, रजा रविवारपर्यंत आहे.