मत एक, किंमत एक – मग जगणं वेगळं का?
(२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या भाषणाचा शेवटाकडचा भाग, आजच्या बोलीत. शब्द आमचे, युक्तिवाद त्यांचा.)

लोकशाही नुसती कागदावर नको, खरोखर टिकवायची असेल, तर आधी रक्तपाताचा मार्ग सोडा. सत्याग्रह आणि असहकारही सोडा. सनदशीर दारं बंद होती तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आता दारं उघडी आहेत. तरी तेच करत राहिलो, तर ती अराजकाची बाराखडी ठरेल.

दुसरं, माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. ज्यांनी देशासाठी आयुष्य वेचलं त्यांचे उपकार जरूर माना, पण त्यालाही मर्यादा असते. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल. राजकारणात भक्ती अधोगतीकडे नेते, आणि पुढे थेट हुकूमशाहीकडे.

आणि नुसत्या मतपेटीवर समाधान मानू नका. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीत पाऊल टाकतोय. राजकारणात प्रत्येकाला एक मत, आणि प्रत्येक मताची किंमत सारखी. घरी परतलो की समाजात आणि पैशाअडक्यात तीच जुनी उतरंड. हे दुटप्पी जगणं अजून किती दिवस चालवायचं? जितकं लांबवू, तितकी लोकशाही धोक्यात. ही विसंगती लवकरात लवकर मिटवा. नाहीतर विषमतेचे चटके सोसणारेच, या सभेने इतक्या कष्टाने उभारलेली ही इमारत उडवून देतील.